आमच्या पेन्शन ट्रस्टच्या विश्वस्तांना खुलं पत्र: शेअर्सला घाबरताय, पण ४ वर्षांचे बॉण्ड बघा

मा. विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच कंपनीत अकाउंट्सला आहे, २६ वर्षं झाली, रिटायर व्हायला अजून ५ आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाव महत्त्वाचं नाहीये आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये, वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या कंपनीत असा जुना पेन्शन ट्रस्ट आहे त्यांना त्यांचा ट्रस्ट डोळ्यासमोर येईलच. मागच्या महिन्यात सभासदांची बैठक झाली तिथे मी मागच्या रांगेत होतो, हात वर केला होता पण तोवर बटाटेवडे आले आणि बैठक संपली, म्हणून हे पत्र.

त्या बैठकीत तुम्ही एकच स्लाइड १० मिनिटं दाखवली. फंडात किती पैसे आहेत, वर्षभरात किती वाढले, आणि खाली हिरव्या रंगात "जोखीम: कमी". का कमी, तर शेअर्समध्ये फक्त १० टक्के, बाकी सगळं सरकारी रोखे, पीएसयू बॉण्ड आणि एफडी, तेही ४-५ वर्षांचे, "फार लांबचे घेतच नाही आपण, लांबच्या बॉण्डच्या किमती फार हलतात". मग एका सभासदाने विचारलं की ते १० टक्के तरी शेअर्समध्ये कशाला ठेवलेत, आणि पुढची २० मिनिटं त्यावरच गेली. २०१८ मध्ये आयएलएफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाली तेव्हा ट्रिपल ए रेटिंगवाले बॉण्ड धरून बसलेल्या अनेक पीएफ आणि पेन्शन ट्रस्टचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे ही भीती मी समजू शकतो. पण त्या अख्ख्या बैठकीत एक आकडा कोणीच उच्चारला नाही, तो म्हणजे आपल्याला द्यायचं किती आहे.

फंड आहे कशासाठी? आपल्यापैकी प्रत्येकाला निवृत्तीनंतर ठरलेलं पेन्शन द्यायचं यासाठी. शेवटच्या पगारावर ठरणारं पेन्शन, निवृत्तीच्या दिवशी ट्रस्ट विमा कंपनीकडून ॲन्युइटी विकत घेतो आणि मग ते पेन्शन मरेपर्यंत चालू. म्हणजे फंडाच्या समोर एक देणं उभं आहे. ॲक्चुअरी, म्हणजे असे लांब मुदतीचे हिशोब करणारा तज्ज्ञ, दरवर्षी त्या देण्याची आजची किंमत काढतो. फंडातल्या पैशाला त्या देण्याने भागलं की फंडेड रेशो, आणि वजा केलं की सरप्लस. आपल्याकडे फंडेड रेशो १०५ टक्के आहे असं कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या नोट्सवरून निघतं. आकडे डोक्यात राहावेत म्हणून मी पुढे सगळीकडे देणं १०० कोटी आणि फंड १०५ कोटी धरतोय, सरप्लस ५ कोटी. खरे आकडे वेगळे आहेत, प्रमाण तेच आहे.

आता हे १०० कोटी कुठून आले बघा. पुढे द्यायच्या रकमा आजच्या व्याजदराने मागे आणून ही किंमत निघते. इंड एएस १९ नावाचं अकाउंटिंग स्टँडर्ड आहे, आपल्या देशात त्यासाठी सरकारी रोख्यांचा बाजारातला यील्ड, म्हणजे आजच्या भावाने रोखा घेतला तर मिळणारा व्याजदर, वापरायचा असतो, देण्याच्या मुदतीशी जुळणारा. म्हणजे यील्ड खाली आला की देणं फुगतं, वर गेला की आक्रसतं. एकही माणूस नवीन लागलेला नाही, कोणाचा पगार वाढलेला नाही, तरीसुद्धा.

हे कागदावरचं वाटतं ना, मग ॲन्युइटीचं घेऊ. समजा आपल्यातला कोणी महिना ३०,००० रुपये पेन्शनवर रिटायर होतोय, वर्षाचे ३.६ लाख, आणि ते साधारण २२ वर्षं द्यावे लागतील. ७ टक्क्यांनी हिशोब केला तर आज एकरकमी ३९.८ लाख लागतात. ६ टक्क्यांनी केला तर ४३.३ लाख. विमा कंपनीचा खर्च-नफा, आयुर्मानाचा तक्ता हे सगळं बाजूला ठेवलंय मी, पण मुद्दा कळतो: त्याच माणसाचं तेच पेन्शन, व्याजदर १ टक्का खाली आला म्हणून साडेतीन लाखांनी महाग झालं. आणि हे साडेतीन लाख खरोखर चेकने जातात, ॲक्चुअरीच्या रिपोर्टमध्ये नाही.

याला ड्युरेशन म्हणतात. घाबरायचं नाही, अर्थ सोपा आहे, यील्ड १ टक्का हलला की किंमत उलट दिशेने साधारण किती टक्के हलते तो आकडा. वरच्या ॲन्युइटीचं ड्युरेशन ८ च्या थोडं वर आहे, कारण १ टक्क्याला किंमत जवळपास ९ टक्के हलली (मोठ्या हालचालीत देणं नेहमी थोडं जास्तच फुगतं, ते सोडून द्या). पण आपले बहुतेक सभासद अजून नोकरीत आहेत. पेन्शन स्कीम नवीन लोकांना बंद होऊन बरीच वर्षं झाली त्यामुळे सरासरी वय ५६ च्या आसपास आहे, ६० ला निवृत्ती, म्हणजे ॲन्युइटी विकत घ्यायलाच अजून सरासरी ४ वर्षं. ती ४ आणि ॲन्युइटीची ८, मिळून १२. कंपनीच्या अहवालात कर्मचारी लाभांच्या नोटमध्ये बारीक अक्षरात "देण्याचं भारित सरासरी ड्युरेशन" अशी ओळ असते, तीही १२ च म्हणते. तीन वर्षांचे अहवाल काढून बघितले मी, एका रविवारी, घरच्यांच्या शिव्या खात.

तर देणं १०० कोटींचं, ड्युरेशन १२, म्हणजे यील्ड १ टक्का खाली आला तर देणं १२ कोटींनी वाढणार.

आणि फंड? १०५ कोटींपैकी साडेदहा कोटी शेअर्स, ते बाजूला ठेवू. उरलेले साडेचौऱ्याण्णव कोटी बॉण्ड आणि एफडी, त्यांचं सरासरी ड्युरेशन ४. यील्ड १ टक्का खाली आला तर ते ३.८ कोटींनी वाढणार.

१२ विरुद्ध ३.८. हा जो ८.२ कोटींचा फरक आहे तो आपला खरा धोका आहे, आणि तो कुठल्याच स्लाइडवर नाही.

समजा उद्या यील्ड १ टक्का पडला. फंड १०५ चा १०८.८ झाला. बैठकीत स्लाइड येणार, "फंडात ३.८ कोटींची भर", टाळ्या, वडे. त्याच दिवशी देणं १०० चं ११२ झालेलं आहे. ५ कोटी सरप्लस होता तिथे आता ३.२ कोटींचा खड्डा आहे आणि फंडेड रेशो १०५ वरून ९७ वर आला. फंड वाढला आणि आपण गरीब झालो, एकाच दिवशी, आणि ज्याने फक्त फंडाकडे बघितलं त्याला कळलंच नाही.

यात आणखी एक गंमत आहे. ट्रस्टचा स्वतःचा ताळेबंद तुम्ही सभासदांना देता त्यात बॉण्ड खरेदीच्या किमतीला दाखवलेले असतात, बाजारभावाला नाही. त्यामुळे तिथे काहीच हलत नाही. दरवर्षी व्याज जमा, बस. कंपनीच्या अहवालात मात्र फंड बाजारभावाने आणि देणं बाजारातल्या यील्डने. म्हणजे खरं चित्र ज्या कागदात आहे तो कागद सभासद वाचत नाहीत आणि जो वाचतात त्यात देणं नाहीच. न हलणारा आकडा बघून मन शांत राहतं, हे मान्य.

आता शेअर्सच्या वादाकडे येतो, कारण २० मिनिटं त्यावर गेली होती. शेअर बाजार वर्षाला साधारण २० टक्के इकडे तिकडे होतो असं धरू, म्हणजे आपले साडेदहा कोटी २.१ कोटींनी हलणार. यील्ड वर्षाला किती हलतो? मी ०.८ टक्का धरलाय, म्हणजे वरचा ८.२ कोटींचा फरक ६.६ कोटींनी हलणार. दोन्ही एकत्र धरले (सरळ बेरीज करायची नसते, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ, कारण दोन्ही एकाच वेळी वाईट होतीलच असं नाही) तर सरप्लस वर्षाला साधारण ६.९ कोटींनी हलतो. ५ कोटींचा सरप्लस आणि ६.९ कोटींची हालचाल, नाकापेक्षा मोती जड.

बैठकीतल्या त्या सभासदाचं ऐकलं आणि सगळे शेअर्स विकून तसेच ४ वर्षांचे बॉण्ड घेतले तर? फरक ७.८ कोटींवर येतो आणि सरप्लसची हालचाल ६.२ कोटींवर. म्हणजे ६.९ ची ६.२. एवढ्यासाठी २० मिनिटं!

आणि शेअर्सना हातही न लावता फक्त बॉण्डचं सरासरी ड्युरेशन ४ वरून ९ वर नेलं तर? बॉण्ड आता १ टक्क्याला साडेआठ कोटी हलतात, देणं १२, फरक साडेतीन कोटी, त्याची वर्षाची हालचाल २.८, शेअर्सचे २.१ त्यात घातले की एकूण साडेतीन कोटी. ६.९ ची ३.५. निम्मी.

आता याच दोन परिस्थितींत फक्त फंड किती हलतो ते बघा, देणं विसरून, म्हणजे तुमच्या स्लाइडसारखं. आज फंड वर्षाला साधारण ३.७ कोटींनी हलतो. ड्युरेशन ९ केल्यावर ७.१ कोटींनी हलेल. जवळजवळ दुप्पट! तुमच्या स्लाइडवर "जोखीम: कमी" ची "जोखीम: जास्त" होईल, हिरव्याचं लाल होईल, आणि पेन्शन मिळण्याच्या दृष्टीने आपण निम्म्या धोक्यात असू. दोन्ही एकाच बदलाने. हे वाक्य मी स्वतः तीनदा तपासलं कारण मलाही आधी पटलं नव्हतं.

बायकोला समजावताना मी सोन्याचं उदाहरण दिलं. १० वर्षांनी मुलीच्या लग्नात २० तोळे घालायचे आहेत असं एखाद्या घरात ठरलंय. एकजण दर महिन्याला पैसे बचत खात्यात टाकतो, त्याचा आकडा कधी कमी होत नाही, शांत झोपतो. दुसरी दर महिन्याला थोडं थोडं सोनं घेते, तिच्या सोन्याची किंमत रोज वरखाली होते, शेजारी म्हणतात काय रिस्क घेते ही. पण द्यायचेत तोळे. सोनं दुप्पट झालं तर ती तशीच बसून राहील, धावपळ त्या बचत खातेवाल्याची होणार. आपलं देणं हे त्या २० तोळ्यांसारखं आहे, रुपयात लिहिलंय म्हणून रुपयासारखं वागत नाही, लांब मुदतीच्या बॉण्डसारखं वागतं.

तुमच्यातल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांना मी हे चहाच्या वेळी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे पण आपण बॉण्ड मॅच्युरिटीपर्यंत धरतो, विकायचेच नाहीत तर बाजारभावाशी काय देणंघेणं?" त्यांचा आदर राखून सांगतो, विकायचे नाहीत हे खरं, पण ते ४ वर्षांत संपतात आणि देणं १२ वर्षांनी आहे, मधली ८ वर्षं कोणत्या दराने? १२ वर्षांनी १०० कोटी द्यायचेत असं समजा, एकच रक्कम. ७.२ टक्क्यांनी आज ४३.४ कोटी लागतात. तेवढे ७.२ टक्क्यांच्या ४ वर्षांच्या बॉण्डमध्ये घातले, मॅच्युरिटीपर्यंत धरले, एकही विकला नाही, एकही बुडाला नाही. ४ वर्षांनी पैसे हातात आले तेव्हा दर ६.२ झालाय, तो मग पुढची ८ वर्षं तसाच राहिला. १२ व्या वर्षी हातात येतात ९२.८ कोटी. सव्वासात कोटी कमी. सगळं "सुरक्षित" होतं, बाजारभाव कोणी बघितला नव्हता, आणि तरी कमी. बाजारभावाने देणं मोजणं म्हणजे हा १२ व्या वर्षीचा खड्डा आजच दिसणं, एवढंच.

आणि १ टक्का ही काही मोठी हालचाल नाही आपल्याकडे. २००८ च्या उन्हाळ्यात १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड ९ टक्क्यांच्या वर होता आणि २००९ च्या जानेवारीत ५ च्या आसपास, सहा-सात महिन्यांत. २०१४ मध्ये पुन्हा ९ च्या जवळ, २०२० मध्ये ६ च्या खाली. २०१४ मध्ये ज्याने ५ वर्षांची एफडी केली त्याला २०१९ मध्ये बँकेच्या काउंटरवर काय वाटलं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये.

मात्र इथे एक खरं सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणी ॲक्चुअरी वाचेल आणि हसेल. १० वर्षांचा यील्ड जेवढा हलतो तेवढा ३०-४० वर्षांचा हलतोच असं नाही, लांबच्या टोकाला विमा कंपन्या आणि पीएफवाले सतत खरेदी करत असतात, ते टोक त्यामानाने शांत असतं. म्हणून मी ३-४ टक्के न धरता ०.८ धरलाय. आणि पगारवाढीचा अंदाज चुकला, लोक जास्त जगले, तर ते धोके कुठल्याच बॉण्डने झाकले जात नाहीत. ड्युरेशन जुळवलं म्हणजे सगळं झालं असं मी म्हणत नाहीये, सगळ्यात मोठा तुकडा पहिला उचला एवढंच म्हणतोय.

"आणि दर वर गेले तर?" हा प्रश्न येणारच. २०२२ मध्ये गेले होते, रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे महिन्यात वाढवायला सुरुवात केली आणि वर्ष संपेपर्यंत ४ चा सव्वासहा झाला. तसं पुन्हा झालं आणि आपले बॉण्ड ९ ड्युरेशनचे असले तर १ टक्क्याला साडेआठ कोटींचा तोटा दिसेल, सभासद ओरडतील, ऑडिटर प्रश्न विचारतील. पण देणं १२ कोटींनी कमी झालेलं असेल, म्हणजे सरप्लस साडेतीन कोटींनी वाढलेला असेल. आज जसे आहोत तसेच राहिलो असतो तर ८.२ ने वाढला असता, बरोबर, तो फायदा सोडावा लागेल. म्हणजे आजची आपली रचना ही सरळ सरळ दर वर जातील यावर लावलेली पैज आहे, ८.२ कोटींची, ५ कोटींच्या सरप्लसवर. ही पैज कोणत्या बैठकीत ठरली? कोणाच्या सहीने? मी इतिवृत्तं मागवून वाचली, कुठेच नाही. शेअर्समध्ये १० टक्के न्यायचे तेव्हा तीन बैठका आणि एक सल्लागार लागला होता, आणि त्याच्या तिप्पट मोठी पैज सवयीने लागली, "लांबचं घ्यायचं नाही" या सवयीने.

वर ही पैज जिंकली तरी फायदा आपल्याला मिळतोच असंही नाही. सरप्लस वाढला की कंपनी वर्गणी कमी भरते, तसं नियमात बसतं. तूट आली की कंपनीनेच भरायची, तिचीच जबाबदारी, पण तेव्हा कंपनीची परिस्थिती कशी असेल? दर कधी पडतात ते आठवा, २००८ चा शेवट, २०२०. धंदा मंद, शेअर बाजार खाली, दर खाली, तिन्ही एकदम, आणि त्याच वेळी ट्रस्ट कंपनीकडे हात पसरणार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये २००० ते २००२ मध्ये असंच झालं, शेअर्स पडले आणि दरही पडले, आधी भरभरून सरप्लसवाले फंड बघता बघता तुटीत गेले. इंग्लंडच्या बूट्स या औषधांच्या दुकानांच्या कंपनीच्या पेन्शन फंडाने मात्र २००१ पर्यंत शेअर्स विकून सगळे, साधारण २.३ अब्ज पौंड, देण्याशी जुळणाऱ्या लांब मुदतीच्या बॉण्डमध्ये नेले होते. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आपण शेअर्स विकावेत असं मी म्हणत नाही, वर आकडे दिलेच आहेत, बूट्सचं नाव यासाठी घेतलं की त्यांनी आधी देण्याकडे बघितलं.

इंग्लंडचं नाव काढलं की कोणीतरी २०२२ काढणार, म्हणून तेही सांगून टाकतो. तिथल्या फंडांनी देणं जुळवलं होतं पण सगळा पैसा बॉण्डमध्ये न घालता उधारीवर, म्हणजे रोखे तारण ठेवून घेतलेलं कर्ज आणि डेरिव्हेटिव्ह वापरून, म्हणजे थोड्या पैशात मोठं ड्युरेशन आणि उरलेला पैसा दुसरीकडे. २३ सप्टेंबर २०२२ ला सरकारने करकपातीचं मिनी बजेट मांडलं, ३० वर्षांच्या रोख्यांचे यील्ड काही दिवसांत १ टक्क्यापेक्षा जास्त उडाले, ज्यांच्याकडून उधार घेतलं ते म्हणाले तारण वाढवा, तारणासाठी रोख नाही म्हणून फंड रोखेच विकायला लागले, त्यामुळे यील्ड अजून वर. शेवटी २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला ६५ अब्ज पौंडांपर्यंत रोखे घेण्याची तयारी जाहीर करावी लागली, प्रत्यक्षात घेतले १९.३ अब्जांचे. आता यातली मजा बघा, यील्ड वर गेल्याने त्या फंडांचं देणं कमीच झालं होतं, बऱ्याच जणांचा फंडेड रेशो त्या वर्षी सुधारला. मेले ते रोखीअभावी, उधारीमुळे. मी तुम्हाला एक रुपया उधार घ्यायला सांगत नाहीये.

मग काय करायचं, तर फार काही नाही. अर्थ मंत्रालयाच्या २०१५ च्या गुंतवणूक रचनेत सरकारी रोखे ४५ ते ५० टक्के, कर्जरोखे आणि मुदत ठेवी ३५ ते ४५, शेअर्स ५ ते १५ असे कप्पे आहेत, पण किती वर्षांचा सरकारी रोखा घ्यायचा यावर त्यात एक शब्द नाही. सरकार २०१५ पासून ४० वर्षांचे रोखे काढतंय, २०२३ मध्ये ५० वर्षांचाही आला. ४० वर्षांचा म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात, पण दर सहा महिन्यांनी व्याज हातात येत असल्याने त्याचं ड्युरेशन आजच्या दरांना फक्त १३ च्या आसपास असतं, आपल्या देण्यापेक्षा जेमतेम १ जास्त. १० वर्षांच्या रोख्याचं ७. म्हणजे नुसते १० वर्षांचे घेऊन आपण कधीच पोचणार नाही.

हिशोब करा. सरकारी रोख्यांचा ५० टक्क्यांचा कप्पा, साडेबावन्न कोटी, १३ ड्युरेशनला. उरलेले ४२ कोटींचे पीएसयू बॉण्ड आणि एफडी जसे आहेत तसे, ४ ला. सरासरी बरोबर ९ येते. शेअर्सना हात नाही, कर्जरोख्यांना हात नाही, नियमाची चौकट मोडत नाही. आणि पुढच्या ३-४ वर्षांत जे रिटायर होतायत त्यांच्या ॲन्युइटीसाठी लागणारी रोकड त्या ४२ कोटींतून येईल, त्यासाठी ४० वर्षांचा रोखा पडत्या भावात विकायची वेळ येणार नाही. त्या ४२ कोटींतलं कधी काय मोकळं होतं आणि कोण कधी रिटायर होतं या दोन याद्या शेजारी ठेवून एकदा बघा, मला वाटतं पुरतंय, पण तुमच्याकडे पूर्ण याद्या आहेत, माझ्याकडे अंदाज.

एका दिवसात सगळं विकून लांबचं घ्या असंही नाही. दर वर्षी सरकारी रोख्यांतलं जे मॅच्युअर होतं आणि जी नवीन वर्गणी येते ती पुन्हा ४ वर्षांच्या रोख्यात न घालता ३०-४० वर्षांच्या रोख्यात घातली तरी तीन-चार वर्षांत पोचतो. मधल्या काळात दर काय करतील मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, फंड मॅनेजरलाही नाही, तो काहीही म्हणो. आणि सभासदांचं सरासरी वय दरवर्षी वाढतंय तसं देण्याचं ड्युरेशन १२ वरून हळूहळू खाली येणार, त्यामुळे ९ हा आकडा कायमचा गोंदवून घेऊ नका, दर मार्चला ॲक्चुअरीचा रिपोर्ट आला की परत मोजा.

पुढच्या बैठकीच्या स्लाइडवर कृपया फंडाच्या शेजारी देणं लिहा, दोन्हींचं ड्युरेशन लिहा, आणि यील्ड १ टक्का खाली-वर झाला तर फंडेड रेशो कुठे जाईल ते लिहा. हे सगळे आकडे ॲक्चुअरीकडे आणि फंड मॅनेजरकडे आत्ता या क्षणी आहेत, एक ईमेल लागेल. फंडेड रेशोच्या आकड्याबरोबर कोणत्या दराने देणं मोजलंय तेही लिहा, कारण दर अर्धा टक्का वर धरला तर १०५ चा १११ दिसतो आणि कोणालाच काही केल्याचं श्रेय नसतं.

मार्चमध्ये स्टोअर्समधले दोघं रिटायर होतायत. त्यांच्या ॲन्युइटीची कोटेशनं विमा कंपनीकडून येतील तेव्हा ती आणि ॲक्चुअरीने मागच्या मार्चला त्या दोघांसाठी किती धरले होते तो आकडा, दोन्ही बैठकीत वाचून दाखवा. वडे थोडे उशिरा आले तरी चालतील.

आपला,
मागच्या रांगेतला एक सभासद